बँक पीओची मुलाखत: तुमच्याच अर्जातून निघणारे प्रश्न आणि त्यांची तयारी

मेन्सचा निकाल लागला की सांगलीत विश्रामबागेत काय किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर काय, एकच दृश्य दिसतं. मुलं चालू घडामोडींचे जाड गठ्ठे विकत घेतात आणि पुढचे तीन आठवडे पाठांतरात घालवतात. मुलाखतीत मात्र पॅनलच्या हातात तो गठ्ठा नसतो. त्यांच्यासमोर तुमचा बायोडाटा असतो आणि वेळ असतो साधारण दहा ते वीस मिनिटांचा. नाव, गाव, पदवी, वडिलांचा व्यवसाय, मधली रिकामी वर्षं, छंद या ओळींवरून पहिला प्रश्न निघतो, तुमच्या उत्तरातल्या एखाद्या शब्दावरून दुसरा आणि त्या उत्तरावरून तिसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांनी पाठ केलेलं असतं, त्यामुळे खरी निवड दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर होते.

मुलाखतीचं वजन किती, तेही एकदा मांडून पाहा. आयबीपीएसच्या पीओ भरतीत अंतिम यादी मेन्स आणि मुलाखत यांच्या 80:20 या प्रमाणावर लागते. मुलाखत 100 गुणांची असते. पात्रतेसाठी त्यात किमान 40 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना 35 टक्के. समजा मेन्समध्ये शंभरपैकी 45 आणि मुलाखतीत 50 गुण मिळाले, तर बेरीज होते 36 अधिक 10, म्हणजे 46. मुलाखतीत 50 ऐवजी 70 मिळाले तर बेरीज 50 होते. हे वाढीव 4 गुण मेन्समधून काढायचे तर तिथे 5 गुण जास्त लागले असते. ज्यांनी मेन्स दिली आहे त्यांना ते 5 गुण किती महाग असतात हे माहीत आहे. स्टेट बँकेची पद्धत आणि प्रमाण वेगळं आहे. ते त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहून घ्या.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर धरू. उमेदवार तासगाव तालुक्यातली आहे, सांगलीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेली. वडिलांची दोन एकर द्राक्षबाग, पदवीनंतर दीड वर्ष परीक्षांच्या तयारीत गेलेलं, छंद ट्रेकिंग. तुमच्या ओळी वेगळ्या असतील, पण काम करायची रीत हीच.

बँकिंगच का?

या प्रश्नाची तीन उत्तरं पॅनलने सकाळपासून ऐकलेली असतात: नोकरीची सुरक्षितता, समाजसेवा आणि 'लहानपणापासून बँकेचं आकर्षण'. पहिलं खरं असतं, पण त्यावर 'मग जिल्हा परिषदेतही सुरक्षितता आहेच की' असा प्रतिप्रश्न लगेच येतो. दुसऱ्या-तिसऱ्यावर पुढे काही विचारण्यासारखंच नसतं, म्हणून पॅनल सरळ तांत्रिक प्रश्नांकडे वळतं आणि तुमच्या हातातली मोक्याची दोन मिनिटं निसटतात.

चालणाऱ्या उत्तरात तीन गोष्टी लागतात: तुम्ही स्वतः जवळून पाहिलेला एखादा बँक व्यवहार, पदवीतून आलेलं आणि शाखेत उपयोगी पडणारं एखादं कौशल्य, आणि पीओचं काम नेमकं काय असतं याची जाण. आपल्या उमेदवाराचं उत्तर साधारण असं होईल: 'आमच्या घरची द्राक्षबाग पीक कर्जावर चालते. दर वर्षी कर्जाचं नूतनीकरण आणि विम्याची कागदपत्रं मीच करते, त्यामुळे शाखेत कोणता कागद का मागतात हे मला माहीत आहे. इंजिनिअरिंगमध्ये मी प्रकल्पाचा खर्च आणि यंत्राची क्षमता काढायला शिकले. पलूस, मिरजेकडच्या छोट्या कारखान्यांचे कर्जप्रस्ताव तपासताना मशिनचं कोटेशन मला वाचता येईल. पीओ म्हणून सुरुवातीला काउंटरपासून कर्जापर्यंत सगळ्या टेबलांवर काम करायला मिळतं. मला पुढे कर्ज विभागात जायचं आहे.' हे बोलायला पाऊण मिनिट लागतं. एक मिनिटाच्या पुढे जाऊ नका.

आता या उत्तरातल्या प्रत्येक वाक्याखाली पॅनल काय विचारेल ते लिहून काढा. 'पीक कर्ज' म्हटलंत की व्याजदर आला, मर्यादा कशी ठरते ते आलं, थकलं तर काय तेही आलं. 'मशिनचं कोटेशन' म्हटलंत की 'कोटेशन फुगवलेलं आहे हे कसं ओळखाल?' हा प्रश्न आलाच. त्याला उत्तर हवं: दुसऱ्या विक्रेत्याचं कोटेशन मागवणं, जीएसटी क्रमांक तपासणं, कर्जाची रक्कम ग्राहकाच्या हाती न देता थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकणं, आणि मशिन बसल्यावर प्रत्यक्ष जाऊन पाहणं. ज्या शब्दाखाली दोन प्रश्न पेलता येणार नाहीत, तो शब्द उत्तरातून काढून टाका. स्टार्टअप, फिनटेक, ब्लॉकचेन हे शब्द बहुतेकांच्या उत्तरातून याच कसोटीवर गळतात, आणि गळलेलेच बरे.

याच टप्प्यावर तीन बोचरे प्रश्न ठरलेले असतात. 'सरकारने तुमच्यावर इंजिनिअर म्हणून खर्च केला, तो वाया गेला ना?' इथे बचाव करत बसू नका. बँकांना प्रकल्प कर्ज, लघुउद्योग आणि माहिती तंत्रज्ञान या विभागांत तांत्रिक माणसं लागतात, एवढं सांगून थांबा. 'दीड वर्ष काय केलं?' याला 'तयारी' हा एक शब्द पुरत नाही. कोणत्या परीक्षा दिल्या, कुठे अडलं, घरच्या बागेचा हिशोब ठेवला असेल तर तो, हे खरं सांगा. 'बिहारमध्ये किंवा ईशान्येत पोस्टिंग दिलं तर?' 'हो, कुठेही' हे घाईचं उत्तर ऐकून पॅनल हसतं. पीओची बदली देशात कुठेही होऊ शकते हे माहीत असूनच अर्ज केला, घरी बोलणं झालं आहे, तिथली भाषा कामापुरती शिकेन, असं सांगितलं तर ते उत्तर वाटतं. एमपीएससी चालू असेल तर लपवू नका, पण 'राज्यसेवा झाली तर सोडणार का?' या प्रश्नाचं उत्तर घरी ठरवून जा. पॅनलसमोर बसून ठरवू नका.

बँकिंगचं ज्ञान: एक कर्जखातं पूर्ण समजून घ्या

बँकिंग अवेअरनेसचे पाचशे एकोळी प्रश्न प्रिलिम्स-मेन्सला ठीक आहेत. मुलाखतीत विचारतात ते 'का' आणि 'मग काय'. त्यासाठी आमची शिफारस एकच: घरातलं, नाही तर शेजारचं एक कर्जखातं घ्या, त्याचं मंजुरीपत्र वाचा आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाचा माग काढा. सांगली-साताऱ्यात हे खातं बहुधा पीक कर्जाचं असतं, म्हणून तेच पाहू.

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा पिकाच्या कर्जदरावरून ठरते. हा दर, म्हणजे त्या पिकाला एकरी किंवा हेक्टरी किती कर्ज द्यायचं ते, जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. हिशोबासाठी समजू की एकरी 1 लाख रुपये दर आहे. दोन एकरांचे झाले 2 लाख. त्यात काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी 10 टक्के, म्हणजे 20 हजार, आणि शेतीच्या अवजारांच्या देखभालीसाठी 20 टक्के, म्हणजे 40 हजार मिळवायचे. पहिल्या वर्षाची मर्यादा 2 लाख 60 हजार, शिवाय पीक विम्याचा हप्ता. पुढच्या वर्षांत खर्चवाढ धरून दर वर्षी 10 टक्क्यांनी वाढ होते आणि कार्ड पाच वर्षांचं असतं. 1 जानेवारी 2025 पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 1.6 लाखांवरून 2 लाख झाली. आपलं खातं त्याच्या वर जातं, म्हणून बँक जमिनीचं तारण मागू शकते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. घरच्या सातबाऱ्यावर तो बोजा आहे का, हे जाण्याआधी बघून घ्या. शेतकऱ्याच्या मुलीला हा प्रश्न विचारायला अधिकाऱ्यांना आवडतं.

व्याजाचा भाग तर हमखास येतो. 3 लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीक कर्ज बँक 7 टक्क्यांनी देते आणि त्यासाठी केंद्र सरकार बँकेला दीड टक्का परतावा देतं. शेतकऱ्याने मुदतीत फेडलं तर त्याला आणखी 3 टक्के सवलत मिळते, म्हणजे प्रत्यक्षात 4 टक्के पडतात. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून मुदतीत फेडणाऱ्याचं हे उरलेलं व्याजही राज्य भरतं. म्हणूनच आपल्याकडे 'बिनव्याजी पीक कर्ज' म्हणतात. 'पीक कर्ज बिनव्याजी असतं' एवढंच बोलून गेलात तर 'मग बँकेला काय मिळतं?' या प्रश्नावर अडाल.

आता एक प्रश्न, जो तयारी आणि पाठांतर झटकन वेगळं करतो: 'रेपो दर कमी झाला तर तुमच्या वडिलांच्या पीक कर्जाचं व्याज कमी होईल का?' बहुतेक उमेदवार 'हो' म्हणतात. पण सवलतीच्या पीक कर्जाचा 7 टक्के दर सरकारने योजनेत ठरवलेला आहे, रेपो हलला म्हणून तो हलत नाही. घरकर्जाचं तसं नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन फ्लोटिंग दराची किरकोळ कर्जं आणि सूक्ष्म-लघुउद्योगांची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडावी लागतात, त्यामुळे तिथे कपात लवकर पोचते. ठेवींचे दर प्रत्येक बँक स्वतः ठरवते. इतकं सांगता आलं की चालू रेपो दर किती हा आकडा त्यापुढे किरकोळ ठरतो. तो मुलाखतीच्या आदल्या रात्री रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहून जा, छापील पुस्तकातून पाठ करू नका.

थकबाकीवरही फसायला होतं. साधं मुदतकर्ज 90 दिवसांपेक्षा जास्त थकलं की एनपीए, हे सगळ्यांना येतं. पीक कर्जाला हा नियम लागत नाही. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर, आणि दीर्घ मुदतीच्या, म्हणजे वर्षापेक्षा जास्त काळ उभ्या असणाऱ्या पिकाचं एक हंगाम थकलं तर ते एनपीए होतं. कोणत्या पिकाचा हंगाम किती हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते. वाळवा, कराडकडच्या उमेदवाराला इथे आडसाली उसाचा प्रश्न येऊ शकतो, कारण तो साधारण दीड वर्ष शेतात असतो. अशा पिकाला 90 दिवसांचा नियम लावला तर ऊस तुटायच्या आतच खातं बुडीत ठरेल. हे कारण आपल्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

याच खात्यातून पुढचे धागे निघतात. बँकेने हे कर्ज का दिलं? अग्रक्रम क्षेत्राला 40 टक्के कर्ज द्यावं लागतं, त्यात शेतीला 18 टक्के, म्हणून. तासगावचा बेदाणा भाव येईपर्यंत शीतगृहात ठेवला तर त्यावर पैसे कसे उभे राहतात? गोदाम पावतीच्या तारणावर. एका खात्यातून असे आठ-दहा विषय आपसूक जोडले जातात. मुद्रा, निर्यात किंवा बचत गट यांतलं काही तुमच्या बायोडाट्याजवळचं असेल तर त्याचाही एकदा असाच माग काढा.

जिल्ह्याबद्दलची मोजकी माहिती मात्र पाठच असू द्या. अग्रणी बँक योजना 1969 ची. सांगलीची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया, साताऱ्याची बँक ऑफ महाराष्ट्र. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये, तर सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. म्हसवडची माणदेशी महिला बँक 1997 ची. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2020 मध्ये रद्द केला. हे नाव निघालं तर पुढचा प्रश्न ठेव विम्याचा असतो: एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत संरक्षण, फेब्रुवारी 2020 पासून. त्याआधी ते 1 लाख होतं. सहकारी बँकांबद्दल बोलताना गावगप्पा आणि पुढाऱ्यांची नावं टाळा. देखरेख कोणाची, विमा किती, एवढंच बोला.

प्रसंग दिला तर

प्रसंगावरच्या प्रश्नात पॅनल एकाच वेळी तीन गोष्टी पाहतं. समोरच्या माणसाचं काम अडू नये, नियम मोडू नये, आणि आपल्या अधिकाराबाहेरचा निर्णय आपण घेऊ नये. उमेदवार बहुधा यातली एकच धरून बसतात. कोणी नियम सांगून ग्राहकाला परत पाठवतो, कोणी माणुसकी म्हणून नियम गुंडाळून ठेवतो, आणि उरलेले सगळे 'मी मॅनेजरला विचारेन' म्हणून सुटतात.

सध्याचा एक प्रसंग नीट सोडवून पाहू. 'तुम्ही मिरजेच्या शाखेत पीओ आहात. अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक मुदतीआधीच 14 लाखांची ठेव मोडून ती रक्कम आरटीजीएसने अनोळखी खात्यावर पाठवायला सांगतात. घाईत आहेत, कारण सांगत नाहीत. काय कराल?'

'पैसे त्यांचे आहेत, मी करून देईन' हे उत्तर पडतं. 'मी व्यवहार नाकारेन, खातं गोठवेन' हेही पडतं, कारण ग्राहकाचा स्पष्ट आदेश आपल्या मनाने धुडकावायचा अधिकार पीओला नाही. आधी खुणा वाचा: दंड सोसून ठेव मोडणं, नवीन लाभार्थी, सतत मोबाईलकडे नजर, प्रश्नाला तुटक उत्तर. ही डिजिटल अरेस्टची लक्षणं आहेत. बऱ्याचदा खिशात व्हिडिओ कॉल चालूच असतो आणि भामटा सगळं ऐकत असतो, म्हणून काउंटरवर मोठ्याने विचारपूस करायची नाही. 'सर, ठेव मोडायच्या फॉर्मवर आत बसून सही करू या' म्हणत केबिनमध्ये न्यायचं, पाणी द्यायचं, फोन बाजूला ठेवायला लावायचा. मग साधे प्रश्न: हे खातं कोणाचं, ओळख कशी, कोणी कोणाला सांगू नका म्हटलंय का? कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत, हे शांतपणे सांगायचं. त्यांच्या संमतीने मुलाला किंवा मुलीला फोन लावायचा. दरम्यान शाखाधिकाऱ्याला कळवायचं आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावून द्यायचा.

इतकं सांगितलंत की पॅनल एकेक आधार काढून घेतं. 'मॅनेजर रजेवर आहेत.' मग शाखेतला त्यांच्याखालचा अधिकारी आणि विभागीय कार्यालय. 'गुरुजी ऐकतच नाहीत, ओरडायला लागले.' त्यांचा अपमान न करता लाभार्थीची पडताळणी करायला थोडा वेळ मागायचा, पोलिसांना कळवायचं, आणि आपण काय सांगितलं याची लेखी नोंद ठेवायची. अंतिम निर्णय शाखाप्रमुखाचा. 'पैसे सकाळीच गेलेत.' मग समजावण्यात एक मिनिटही घालवायचं नाही: लगेच 1930, cybercrime.gov.in वर तक्रार आणि समोरच्या बँकेला रक्कम रोखायची विनंती, कारण पैसे तासाभरात पुढच्या खात्यांत फिरवले जातात. तिन्ही वेळा तुमचा क्रम तोच राहिला तर गुण मिळतात. प्रश्न बदलला म्हणून भूमिका बदलणाऱ्याला पॅनल पुढे आणखी ढकलतं.

बाकीच्या प्रसंगांना याच मार्गाने जा. 'पीक कर्जाबरोबर विमा पॉलिसी खपवा असं साहेब म्हणाले' इथे साहेबांविरुद्ध बंड पुकारायचं कारण नाही. लक्ष्य मान्य करा, गरज असलेल्या ग्राहकाला समजावून विका, पण कर्ज मंजुरीला पॉलिसीची अट जोडता येत नाही हे साहेबांना एकांतात सांगा. 'संध्याकाळी रोखीत 5 हजार कमी आले' तर स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसणं हे सर्वांत वाईट उत्तर. पुन्हा मोजा, व्हाउचर आणि नोटांच्या मूल्यवार नोंदी ताडा, शंभराचं बंडल पन्नासाचं म्हणून नोंदलंय का पाहा, आणि त्याच दिवशी शाखाप्रमुखाला कळवा.

तयारी कशी करायची

प्रत्येक बायोडाटा-ओळीसाठी एक कोरा कागद घ्या. वर ओळ, खाली तिच्यावरचे तीन प्रश्न, प्रत्येकाखाली आणखी दोन. 'ट्रेकिंग' लिहिलं असेल तर अजिंक्यतारा किंवा प्रचितगड याबद्दल पाच वाक्यं बोलता आली पाहिजेत. नसतील येत तर तो छंद फॉर्ममध्ये भरूच नका. उत्तरं मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. आपली मुलं विचार मराठीत करतात आणि बोलतात घाईच्या हिंदीत, मग 'मेरेको' आणि 'वो क्या होता है ना' यात मुद्दा हरवतो. मुलाखत इंग्रजी किंवा हिंदीत होते, तेव्हा एक भाषा ठरवा आणि आकडे व बँकेचे शब्द त्या भाषेत मोठ्याने म्हणून पाहा. मॉक मुलाखतीला क्लासबरोबरच ओळखीतले निवृत्त बँक अधिकारी गाठा. सांगली, मिरज, सातारा, कराडात ते गल्लोगल्ली आहेत, आणि थकीत कर्जाबद्दल विचारायला त्यांच्याइतकं कोणी पटाईत नसतं.

येत नसलेल्या प्रश्नाला 'सॉरी सर, हे मला माहीत नाही' एवढंच म्हणा. अंदाज बांधायचा असेल तर परवानगी मागून बांधा. अर्धवट आठवणारा आकडा ठामपणे सांगितला की पॅनल त्याच्यावरच पुढचे तीन प्रश्न विचारतं.

कागदपत्रांची फाइल आठवडाभर आधी तयार ठेवा. इथे आपल्याकडची नेहमीची अडचण म्हणजे ओबीसी नॉन-क्रीमी लेअरचा दाखला. राज्याच्या नमुन्यातला चालत नाही, केंद्र सरकारच्या नमुन्यातला आणि जाहिरातीत दिलेल्या मुदतीतला लागतो. प्रांत कार्यालयातून तो मिळायला वेळ जातो, म्हणून मेन्स झाली की लगेच अर्ज करा. दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि ऑनलाइन अर्ज यांतलं नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. कुठे वडिलांचं नाव पूर्ण आणि कुठे नुसतं आद्याक्षर असेल, किंवा लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर प्रतिज्ञापत्र, राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र यांतलं जाहिरातीत जे मागितलं असेल ते मूळ प्रतीसह सोबत ठेवा.